उशीर झाल्याचे पत्र : म्हसवडचे डाळिंब आणि रॉटरडॅमची नवी तारीख

19 नोव्हेंबर 2023 रोजी येमेनच्या हूथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात ‘गॅलेक्सी लीडर’ हे जहाज ताब्यात घेतले. त्यानंतर महिनाही उलटला नाही तोच, 15 डिसेंबरला मर्स्क आणि हापाग-लॉइड या बड्या जहाज कंपन्यांनी त्या समुद्रातून जाणे थांबवले आणि इतरांनीही तोच मार्ग धरला. न्हावा शेवाहून सुएझमार्गे युरोपात जाणारा माल आता आफ्रिकेला वळसा घालून, केप ऑफ गुड होपवरून जाऊ लागला. वळसा सुमारे साडेतीन हजार सागरी मैलांचा. वेळ 10 ते 14 दिवसांनी वाढलेला. इकडे माणगंगेच्या काठावर, म्हसवड, दिघंची, आटपाडीच्या पट्ट्यात, मृग बहराचे डाळिंब काढणीला आलेले होते. तासगावकडची निर्यातीची द्राक्षेही पाठोपाठ तयार होत होती.

मोठ्या निर्यातदाराकडे अशा वेळी पत्रव्यवहाराला माणसे असतात. हंगामात पाच-दहा कंटेनर पाठवणारा छोटा निर्यातदार मात्र बागेत तोडणी बघतो, पॅकहाऊसमध्ये प्रतवारी बघतो आणि रात्री ग्राहकाला मेलही स्वतःच लिहितो. उशीर होणार हे कळल्यावर त्याचा हात आखडतो. आणखी दोन दिवस थांबू, जहाजाची पक्की तारीख कळू दे, मग लिहू, असे त्याला वाटते. पण रॉटरडॅमच्या आयातदाराला कंटेनरची आणि जहाजाची हालचाल संगणकावर दिसत असते. त्याला ती बातमी आपल्याआधी कळली, तर पुढच्या प्रत्येक तारखेकडे तो संशयाने पाहतो. म्हणून पत्रे दोन लिहावीत. पहिले त्याच दिवशी, चार ओळींचे: जहाज वेळेवर सुटणार नाही, कारण हे, सविस्तर वेळापत्रक परवा देतो. या पत्रात एकही अंदाजी तारीख घालू नये. दुसरे पत्र जहाज कंपनीकडून नवे बुकिंग हातात आल्यावर. खरे काम या दुसऱ्या पत्राचे असते.

ते कसे लिहायचे हे एका उदाहरणातून पाहू. समजा, म्हसवडच्या एका निर्यातदाराने रॉटरडॅमच्या आयातदाराशी 40 फुटी रिफर कंटेनरचा सौदा केला आहे. माल भगवा डाळिंब, 4 किलोचे 3,600 बॉक्स, 20 पॅलेट. भाव सीआयएफ रॉटरडॅम, म्हणजे जहाजभाडे आणि विमा निर्यातदाराकडे. पैसे एलसीवर, म्हणजे ग्राहकाच्या बँकेने दिलेल्या पतपत्रावर. एलसीत माल जहाजावर चढवण्याची अखेरची तारीख 15 जानेवारी 2024 आणि एलसीची मुदत 5 फेब्रुवारीपर्यंत. ठरल्याप्रमाणे जहाज 15 जानेवारीला सुटून 24 दिवसांनी, 8 फेब्रुवारीला रॉटरडॅमला लागणार होते. 3 जानेवारीला जहाज कंपनी कळवते की परतीचे जहाजच केपवरून येत असल्यामुळे ते आठवडाभर उशिरा न्हावा शेवाला लागेल, 22 जानेवारीला सुटेल आणि पुढचा प्रवास 24 ऐवजी 38 दिवसांचा असेल. म्हणजे पोहोचण्याची तारीख 29 फेब्रुवारी.

एकूण उशीर 21 दिवस. पण पत्रात ‘तीन आठवडे उशीर’ असे एकत्र लिहिणे ही पहिली चूक ठरते, कारण या 21 दिवसांत दोन वेगळ्या जातीचे दिवस आहेत. पहिले 7 माल जहाजावर चढण्याआधीचे, उरलेले 14 समुद्रातले. सीआयएफ सौद्यात विकणाऱ्याची वेळेची जबाबदारी माल ठरल्या तारखेला जहाजावर चढवण्यापुरती असते. माल चढला की त्यापुढची जोखीम ग्राहकाकडे जाते. तेव्हा समुद्रातल्या 14 दिवसांचा दोष कायद्याने निर्यातदाराकडे येत नाही, चढण्याआधीच्या 7 दिवसांचा येऊ शकतो. सौदा एफओबी असता तर चित्र पालटले असते. तिथे जहाज ग्राहकाने ठरवायचे असते, त्यामुळे ते उशिरा आले तर त्या आठवड्याचे उत्तरही त्यानेच द्यायचे. पत्र लिहायला बसण्याआधी करार उघडून ही एक ओळ वाचावी. पत्राचा सूर तिच्यावर ठरतो.

युद्ध आहे, आपला काय दोष, म्हणून ‘फोर्स मेजर’ असे लिहून मोकळे व्हावे, हा मोह मोठा असतो. त्यासाठी एक जुना खटला माहीत असलेला बरा. 1956 साली सुदानचे भुईमुगाचे दाणे हॅम्बर्गला पाठवण्याचा सीआयएफ सौदा झाला होता. माल नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये चढवायचा होता आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच सुएझ कालवा बंद पडला. विकणाऱ्याने माल पाठवला नाही. कालवाच बंद, करार संपला, असे त्याचे म्हणणे होते. ‘त्साकिरोग्लू’ या नावाने ओळखला जाणारा हा खटला इंग्लंडच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि 1961 मध्ये निकाल विकणाऱ्याच्या विरोधात लागला. केपचा रस्ता लांबचा आणि महागाचा असला तरी उघडा होता, दाणे त्या प्रवासात खराब होणारे नव्हते, सबब करार संपलेला नव्हता, असा त्याचा आशय. डाळिंब म्हणजे दाणे नव्हे, हे खरे. पण रस्ता लांबला एवढ्याने जबाबदारी सुटत नाही, हे त्यातून घ्यायचे. करारात फोर्स मेजरचे कलम असेल तर त्याचा क्रमांक लिहावा, त्यात सांगितलेल्या मुदतीत सूचना द्यावी आणि जहाज कंपनीचे परिपत्रक पुराव्यादाखल जोडावे. कलम नसेल तर तो शब्द पत्रात आणू नये. घडले ते साध्या शब्दांत सांगावे.

आता ग्राहकाच्या बाजूने पाहू. उशिराचे पत्र वाचताना तो दिवस मोजतो ते फळाचे. नीट काढलेला, डाग नसलेला भगवा 5 ते 6 अंश तापमानात आणि भरपूर आर्द्रतेत साधारण दोन महिने टिकतो. तापमान फार काळ 5 अंशांच्या खाली गेले तर साल तपकिरी पडू लागते, म्हणून जास्त थंड करून आयुष्य वाढवता येत नाही. मूळ वेळापत्रकात 10 जानेवारीला काढलेले फळ 8 फेब्रुवारीला 29 दिवसांचे होऊन पोहोचले असते आणि विकायला महिना उरला असता. नव्या वेळापत्रकात फळ 10 जानेवारीलाच काढून शीतगृहात ठेवले तर ते 29 फेब्रुवारीला 50 दिवसांचे असेल. आयातदार ते घेईल, पण सुपरमार्केटला देऊ शकणार नाही. तोडणीच आठवडाभर पुढे, 17 जानेवारीवर नेली, तर वय 43 दिवस होते. सात दिवसांचा फरक, पण दुकानातल्या मांडणीसाठी तो फार मोठा. म्हणून नव्या वेळापत्रकाची पहिली तारीख तोडणीची हवी, जहाजाची नव्हे. ती निर्यातदाराच्या हातात असते, आणि ती पुढे ढकलल्याचे वाचून ग्राहकाला कळते की समोरच्याने मालाचा विचार केला आहे.

एक गोष्ट मात्र बागेत जाऊन तपासावी लागते. झाडावरचे फळ आठवडाभर थांबेल का? पाणी कमी-जास्त झाले किंवा अवकाळी सर आली तर पक्व फळ तडकते. बागायतदाराने नाही म्हटले तर आधीच्या बागेचा माल देशी बाजाराला देऊन थोड्या मागे असलेल्या दुसऱ्या प्लॉटचा माल घ्यावा लागतो. मग नवा प्लॉट नोंदणीत आहे ना, त्याचा उर्वरित अंश तपासणीचा अहवाल आहे ना, हे बघून मगच तारीख लिहायची. फायटोसॅनिटरी प्रमाणपत्राचेही तसेच. युरोपच्या नियमाप्रमाणे ते माल देशाबाहेर पडण्याआधी 14 दिवसांच्या आतले हवे. मूळ जहाजासाठी घाईने आधीच काढलेले प्रमाणपत्र नव्या जहाजाला चालेल, असे गृहीत धरू नये.

यापुढचा भाग एलसीचा, आणि छोटे निर्यातदार सर्वाधिक अडकतात तो इथेच. ग्राहक भला माणूस असतो. मेलवर लिहितो, ‘हरकत नाही, 22 तारखेला पाठवा.’ निर्यातदार निर्धास्त होतो. पण पैसे देणार आहे ग्राहकाची बँक, आणि बँक फक्त कागद बघते. एलसीत 15 जानेवारी आणि बिल ऑफ लॅडिंगवर 22 जानेवारी असेल तर बँक ‘उशिरा चढवलेला माल’ असा दोष काढून कागद अडवते. मग पैसे ग्राहकाच्या मर्जीवर. बाजार तोवर पडला असेल तर तोच भला माणूस भाव पाडून मागतो. एलसी व्यवहारांना लागू असलेल्या यूसीपी 600 या नियमावलीनुसार एलसीतला बदल ती देणाऱ्या बँकेच्या आणि निर्यातदाराच्या संमतीने होतो; तिसऱ्या बँकेने हमी जोडली असेल तर तिचीही संमती लागते. ग्राहकाने आपल्या बँकेकडे अर्ज करायचा, त्या बँकेने स्विफ्टने दुरुस्ती पाठवायची आणि ती आपल्या बँकेमार्फत आपल्याकडे यायची. याला काही दिवस जातात, म्हणून मागणी त्याच पत्रात हवी.

किती मुदत मागावी? नवे जहाज 22 जानेवारीचे म्हणून 22 जानेवारी मागणे धोक्याचे. जे जहाज एकदा आठवडाभर घसरले ते पुन्हा दोन दिवस घसरू शकते, आणि प्रत्येक दुरुस्तीला बँक शुल्क घेते. म्हणून चढवण्याची अखेरची तारीख 29 जानेवारी मागावी. कागद बँकेत द्यायला यूसीपीप्रमाणे माल चढल्यापासून जास्तीत जास्त 21 दिवस मिळतात, पण एलसीची मुदत संपण्याआधी. तेव्हा मुदतही 19 फेब्रुवारीपर्यंत वाढवून घ्यावी. नुसती चढवण्याची तारीख वाढवली आणि मुदत 5 फेब्रुवारीच राहिली तर काय होते? 22 जानेवारीला जहाज सुटते. बिल ऑफ लॅडिंग 25 जानेवारीच्या गुरुवारी मिळते. 26 ला प्रजासत्ताक दिन, 27 ला चौथा शनिवार, 28 ला रविवार. कागद सोमवारी, 29 ला बँकेत जातात. म्हसवडच्या शाखेत विदेशी चलनाचे काम होत नसेल तर ते साताऱ्याला किंवा पुण्याला पाठवण्यात आणखी एक दिवस. त्यात एखादा टंकलेखनाचा दोष निघाला की दुरुस्तीला उरतात जेमतेम पाच-सहा दिवस. जहाज आणखी चार दिवस घसरले तर तेवढेही उरत नाहीत.

एवढी तयारी झाली की पत्र लिहायला अर्धा तास पुरतो. ते इंग्रजीत जाईल. मजकूर मराठीत मांडला तर असा:

“4 जानेवारी 2024. करार क्रमांक आणि एलसी क्रमांक अमुक. विषय : भगवा डाळिंब, एक कंटेनर, जहाज सुटण्यास 7 दिवस उशीर, नवे वेळापत्रक आणि एलसी दुरुस्तीची विनंती.

आपल्या मालाचे 15 जानेवारीचे जहाज आता 22 जानेवारीला न्हावा शेवाहून सुटेल, असे जहाज कंपनीने काल कळवले. हे जहाज केप ऑफ गुड होपमार्गे जाणार असून प्रवास 24 ऐवजी अंदाजे 38 दिवसांचा आहे. कंपनीचे पत्र आणि नवे बुकिंग सोबत जोडले आहे. या बदलामुळे आपल्या विक्रीच्या नियोजनाला बाधा येते, याची आम्हाला जाणीव आहे आणि त्याबद्दल दिलगीर आहोत.

आमच्या हातातील तारखा अशा : तोडणी 17 जानेवारी, पॅकिंग आणि प्रीकूलिंग 18 व 19, कंटेनर म्हसवडहून रवाना 19 च्या रात्री, बंदरात प्रवेश 20 जानेवारी. जहाज कंपनीच्या अंदाजाच्या तारखा : जहाज सुटणे 22 जानेवारी, रॉटरडॅम 29 फेब्रुवारी. पोहोचताना फळ सुमारे 43 दिवसांचे असेल. कंटेनरमध्ये तापमान नोंदवणारे दोन लॉगर ठेवू.

आपल्यापुढे दोन पर्याय आहेत. एक, सर्व 3,600 बॉक्स याच जहाजाने. दोन, 300 बॉक्स 12 जानेवारीच्या सुमारास विमानाने आणि उरलेले 3,300 या जहाजाने. विमानभाड्यातील फरक कसा वाटून घ्यायचा ते फोनवर ठरवू. विमानाने जाणारा माल एलसीबाहेर, वेगळ्या बिलावर आणि आगाऊ रकमेवर पाठवावा लागेल.

कृपया पर्याय 8 जानेवारीपर्यंत कळवावा. एलसीत माल चढवण्याची अखेरची तारीख 29 जानेवारी आणि मुदत 19 फेब्रुवारी अशी दुरुस्ती करून ती 12 जानेवारीपर्यंत आमच्या बँकेत पोहोचेल असे पाहावे. दुसरा पर्याय निवडल्यास मालाचे वजन आणि रक्कमही त्याच दुरुस्तीत कमी करून घ्यावी. दुरुस्ती मिळाल्यावरच जहाजाने जाणाऱ्या मालाची तोडणी सुरू करू. पुढची खबर 9 जानेवारीला देऊ, काही बदल नसला तरी.”

या पत्रात तारखा दोन गटांत मांडल्या आहेत. तोडणीपासून बंदरापर्यंतच्या तारखा निर्यातदाराचे वचन आहे. जहाजाच्या तारखा कंपनीचा अंदाज आहे आणि तसेच लिहिले आहे. 29 फेब्रुवारी हे वचन म्हणून लिहिले आणि जहाज 4 मार्चला लागले, तर दुसऱ्यांदा शब्द मोडल्यासारखे होते, तेही आपला काही संबंध नसताना. माफी एकाच वाक्यात आहे आणि ती उशिराची नव्हे, तर ग्राहकाला झालेल्या त्रासाची आहे. सविस्तर माफीनामा पुढे नुकसानभरपाईच्या मागणीला जोडला जातो. ‘बँकेत 12 जानेवारीपर्यंत’ ही अटही जाणूनबुजून ठेवली आहे. 17 ला तोडणी आहे आणि दुरुस्ती आली नाही, तर झाडावरचे फळ अजून आपले आहे, दुसरीकडे विकता येते. तोडून बॉक्समध्ये भरलेल्या मालाला ते स्वातंत्र्य नसते.

पत्रात काय नाही, तेही पाहावे. त्यात सवलतीचा प्रस्ताव नाही. फळ कसे पोहोचेल हे माहीत नसताना आधीच भाव कमी करणे घाईचे असते. कंटेनर उघडल्यावर 24 तासांत दोघांच्या संमतीने सर्वेक्षण व्हावे आणि भावाचे बोलणे त्या अहवालावर व्हावे, हे फोनवर सांगून पुढच्या मेलमध्ये नोंदवणे अधिक चांगले. जहाज कंपनीने लावलेला जादा अधिभारही या पत्रात मिसळलेला नाही. सीआयएफ भावात जहाजभाडे निर्यातदाराचे असते. अधिभार ग्राहकाने भरावा असे करारात लिहिलेले नसेल तर ती विनंती ठरते, हक्क नव्हे. ती वेगळ्या मेलने करावी. उशिराच्या पत्रात पैशाची मागणी दिसली की वेळापत्रकाकडे लक्ष राहत नाही.

आणि विम्याबद्दल एक अक्षरही नाही. ‘काळजी नसावी, मालाचा विमा आहे’ असे वाक्य अशा पत्रांत सहज येते. प्रत्यक्षात मालवाहतुकीच्या विम्यात सर्रास वापरली जाणारी इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेस केवळ उशिरामुळे झालेले नुकसान वगळतात, तो उशीर विमा उतरवलेल्या धोक्यामुळे झालेला असला तरीही. 43 दिवसांचे फळ मऊ पडले तर विमा कंपनी बहुधा पैसे देणार नाही. ग्राहकाला दिलेले आश्वासन मात्र लेखी राहील.

अशा दिवसांत आणखी एक सल्ला कानावर येतो : बिल ऑफ लॅडिंगवर 15 तारीखच टाकून घेऊ, एलसीची कटकट मिटेल. या वाटेला जाऊ नये. बिल ऑफ लॅडिंगची तारीख म्हणजे माल प्रत्यक्ष जहाजावर चढल्याची तारीख. ती खोटी घातली तर ती बँकेची आणि ग्राहकाची फसवणूक ठरते. जहाज 15 तारखेला बंदरात नव्हते हे कुणीही दोन मिनिटांत शोधू शकतो.

जहाज सुटल्यावरही पत्रव्यवहार थांबत नाही. त्या दिवशी कंटेनर क्रमांक, सील क्रमांक आणि बिल ऑफ लॅडिंगचा मसुदा पाठवावा, आणि नंतर आठवड्याला एक ओळ. मार्गाबद्दलचा कंपनीचा प्रत्येक बदल तिच्याच शब्दांत पुढे पाठवावा, त्यात आपला आशावाद मिसळू नये. सुट्ट्यांकडेही लक्ष ठेवावे. त्या वर्षी 22 जानेवारीला महाराष्ट्र सरकारने सार्वजनिक सुटी जाहीर केली ती अवघे दोन-तीन दिवस आधी. 4 जानेवारीला पत्र लिहिणाऱ्याला ती दिसणे शक्यच नव्हते. एलसीत मागून घेतलेला जादा आठवडा असल्या दिवसांसाठी असतो. यूसीपीप्रमाणे बँक बंद असेल तर कागद देण्याची मुदत पुढच्या कामाच्या दिवशी सरकते, पण माल चढवण्याची अखेरची तारीख सुटीमुळे सरकत नाही.

म्हसवड, आटपाडी किंवा तासगावहून माल पाठवणाऱ्यांनी हे पत्र हंगाम सुरू होण्याआधीच कच्चे तयार करून ठेवावे. तारखांच्या जागा रिकाम्या आणि करारातले उशिराचे कलम वर टाचलेले. वेळ आली की तारखा भरून त्याच दिवशी ते पाठवता येते. आणि ग्राहकाचा होकार मेलवर कितीही स्पष्ट असला, तरी एलसीच्या दुरुस्तीची प्रत आपल्या बँकेकडून हातात येईपर्यंत कंटेनरला बंदरात आत सोडू नये.